थट्टेतली विनंती आणि पाळीची अदलाबदल

बेळगावात अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत चालते. त्यामुळे उद्यमबागेतील कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. २०२६ मध्ये ही चतुर्दशी शुक्रवारी, २५ सप्टेंबरला येते. अशा वेळी कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हमखास दिसणारा संदेश असा : ‘वाघांनो, शुक्रवारी बाप्पाला निरोप द्यायचाय. कुणीतरी रात्र सांभाळा की! चहा माझ्याकडून.’

त्यावर हसरे चेहरे येतात, होकार मात्र येत नाही. विनंती सर्वांना असल्याने ती कुणा एकाची जबाबदारी होत नाही. शिवाय ‘शुक्रवारची रात्र’ म्हणजे गुरुवारी रात्री सुरू होऊन शुक्रवारी संपणारी पाळी, की शुक्रवारी सुरू होऊन शनिवारी संपणारी, हेही स्पष्ट होत नाही. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीला म्हणूनच दोन तारखा लिहाव्या लागतात.

त्याआधी कोणाला विचारायचे, हे ठरवावे. समजा, पाळ्या सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० वाजता सुरू होतात. पहिल्या पाळीचा सहकारी रात्री कामाला आला, तर शनिवारी सकाळी ६ वाजता त्याची स्वतःची पाळी लगेच उभी राहते. विनंती करणाऱ्याचीही तीच गत होते. गुरुवारची रात्र करून तो शुक्रवारी सकाळी ६ वाजता पुन्हा कामावर येणार! सलग सोळा तासांचे काम दोघांच्याही वाट्याला येते. दुसऱ्या पाळीच्या सहकाऱ्याशी अदलाबदल केल्यास दोघांनाही मध्ये आठ तासांची विश्रांती मिळते आणि रात्री १० नंतर मिरवणूकही गाठता येते.

मग संदेश त्या एकाच सहकाऱ्याला पाठवावा :

‘नमस्कार दादा. शुक्रवार, २५ सप्टेंबर रात्री १० ते शनिवार, २६ सप्टेंबर सकाळी ६ ही माझी पाळी आपण कराल का? त्याबदल्यात शुक्रवार, २५ सप्टेंबरची आपली दुपारी २ ते रात्री १० ही पाळी मी करीन. शनिवारी दोघेही आपापल्या पाळीवर येऊ. जमेल की नाही, ते मंगळवार, २२ सप्टेंबरपर्यंत कळवावे. जमत नसल्यास संकोच करू नये, मी दुसऱ्या कुणाला विचारीन.’

शेवटचे वाक्य केवळ शिष्टाचाराचे नाही. नकार वेळेत मिळाला, तर दुसरा सहकारी शोधण्यास तीन दिवस हाती राहतात.

उत्तरादाखल आलेला केवळ अंगठा होकार मानू नये. ‘२५ ची रात्र मी करतो’ असे शब्दांत मागावे. त्यानंतर दोन्ही संदेश सुपरवायझरला पाठवून हजेरीपटावर बदल नोंदवून घ्यावा. नोंद नसेल आणि सहकारी आला नाही, तर गैरहजेरी मूळ नावावरच पडते. सीमाभागात सुपरवायझर कन्नडभाषक असण्याचा संभव असतो. त्याला मराठी थट्टा उमगेलच असे नाही. वार, तारीख आणि वेळ मात्र त्याला सहज समजावून देता येते.

थट्टा करायचीच, तर ती होकार मिळाल्यावर, चहाच्या टपरीवर करावी.