डायल्यूटेड ईपीएस: न छापलेल्या शेअरचा हिशेब

कंपन्यांचे निकाल जाहीर होतात तेव्हा प्रतिशेअर कमाईचे, म्हणजे ईपीएसचे, दोन आकडे दिसतात: बेसिक आणि डायल्यूटेड. पुढे शेअर होऊ शकतील असे ऑप्शन आणि परिवर्तनीय कर्जरोखे आजच शेअर झाले असते तर प्रत्येक शेअरच्या वाट्याला किती कमाई आली असती, हे दुसरा आकडा सांगतो.

समजा, एका कंपनीचा करोत्तर नफा १० कोटी रुपये आणि शेअर १ कोटी आहेत. बेसिक ईपीएस झाला १० रुपये. कर्मचाऱ्यांकडे पूर्ण हक्काचे झालेले १० लाख ऑप्शन आहेत. प्रत्येकावर ६० रुपये भरून एक शेअर मिळतो. वर्षभराचा सरासरी बाजारभाव १०० रुपये आहे.

इथे सगळे १० लाख शेअर वाढवायचे नसतात. ट्रेझरी स्टॉक पद्धतीत कंपनीला ऑप्शनमधून ६ कोटी मिळाले आणि त्यातून तिने १०० रुपये भावाने ६ लाख शेअर परत घेतले, असे कागदावर धरतात. उरलेले ४ लाख जणू फुकट दिलेले. भारतातील ‘इंड एएस ३३’ हे मानक हाच हिशेब याच ‘फुकट’ शेअरच्या भाषेत मांडते. नफ्याला हात लागत नाही. १० कोटी भागिले १.०४ कोटी, म्हणजे ९.६२ रुपये. सरासरी भाव ६० च्या खाली असता, तर हे ऑप्शन मोजलेच नसते.

याच कंपनीने ८ टक्के व्याजाचे १० कोटींचे परिवर्तनीय कर्जरोखेही काढले आहेत. त्यांचे १० लाख शेअर होतील. इफ-कन्व्हर्टेड पद्धतीत रोखे वर्षारंभीच शेअर झाले असे मानतात. मग ८० लाखांचे व्याज द्यावे लागले नसते. २५ टक्के कर वजा जाता नफा ६० लाखांनी वाढला असता. आता १०.६० कोटी भागिले १.१४ कोटी: ९.३० रुपये.

पण रोख्यांचे शेअर १० लाखांऐवजी ५ लाखच होणार असते, तर? १०.६० कोटींना १.०९ कोटींनी भागले की ९.७२ येतात. बेसिकच्या १० पेक्षा हे कमी, म्हणून घ्यावे असे वाटते. चूक इथेच होते. एकट्या ऑप्शनने आकडा आधीच ९.६२ वर आणला आहे. रोखे घेतल्यावर तो वर चढतो. प्रत्येक नव्या शेअरमागे रोखे १२ रुपये नफा आणतात, म्हणून ते वगळायचे. उत्तर ९.६२च. यासाठी सर्वांत जास्त घट करणारा घटक आधी घ्यायचा आणि पुढचा प्रत्येक घटक आतापर्यंतच्या आकड्याशी ताडायचा, असा नियम आहे.

तोट्यातील कंपनीत शेअर वाढवले की प्रतिशेअर तोटा कमी दिसतो. म्हणून तिथे ऑप्शन गाळले जातात आणि दोन्ही आकडे बहुधा सारखेच छापले जातात. ऑप्शन नाहीत, असा त्याचा अर्थ नव्हे. आज वगळलेले, पण पुढे कमाई घटवू शकणारे घटक वार्षिक अहवालातील ईपीएसच्या टिपेत नोंदवावे लागतात. ती टीप वाचावी.