नवजात बाळाचे झटके : वजनाचा आकडा आणि श्वासाची मोजणी

जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाला झटके आले, की डॉक्टर बहुतेक वेळा फेनोबार्बिटोन या औषधापासून सुरुवात करतात. फेनोबार्बिटल हे त्याचेच दुसरे नाव. औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि नवजात बाळांसाठी आजही पहिल्या पसंतीचे आहे. मात्र ते मेंदूतले झटके दाबते, तसाच श्वासाचा जोरही कमी करू शकते. म्हणून हे औषध देताना दोन गोष्टी नेमक्या हव्यात. एक, बाळाचे वजन. दुसरी, बाळाच्या श्वासाची मोजणी. आम्ही नवजात कक्षात काम केलेल्या परिचारिका या लेखात तेवढ्याच दोन गोष्टी नीट सांगणार आहोत. हे औषध घरी द्यायचे नाही. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, दवाखान्यातच द्यायचे असते. पण आई-बापाला, आशाताईला आणि नव्या नर्सताईला त्यामागचा हिशेब कळला, तर चूक वेळेत पकडता येते.

आधी झटका ओळखू या. मोठ्या माणसासारखे हातपाय आपटणे नवजात बाळात कमी दिसते. डोळे एका बाजूला खिळून राहतात, ओठ उगाच चोखल्यासारखे हलतात, पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात, एकच हात ठरावीक लयीत उडत राहतो, किंवा श्वास थांबून बाळ निळे पडते. काही बाळांचे हातपाय नुसते थरथरतात. अशा वेळी थरथरणारा हात हळूच धरून बघावा. धरल्यावर थरथर थांबली आणि डोळे नीट असले, तर तो बहुधा झटका नसतो. धरूनही आत उडी जाणवत राहिली, तर झटका समजून तातडीने दवाखाना गाठावा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये, आणि तोंडात दूध-पाणी घालू नये. ते श्वासनळीत जाते.

दवाखान्यात फेनोबार्बिटोनच्या आधी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासतात. साखर ४५ च्या खाली असेल, तर शिरेतून दहा टक्के ग्लुकोज दिले जाते, किलोमागे २ मिलिलिटर. साखरेमुळे आलेला झटका साखर दिल्यावरच थांबतो. तिथे फेनोबार्बिटोनने बाळ फक्त गुंगते. रक्तातले कॅल्शियम कमी असेल तर तेही भरून काढावे लागते. साखर ठीक आहे आणि झटका तीन मिनिटांहून लांबला किंवा पुन्हा पुन्हा आला, तर मग फेनोबार्बिटोनची पाळी येते.

या औषधाचे डोस दोन प्रकारचे असतात. पहिला मोठा, त्याला वॉर्डात ‘लोडिंग’ म्हणतात. नंतरचा रोजचा छोटा, तो ‘मेंटेनन्स’. दोन का, हे पाण्याच्या टाकीवरून समजेल. रिकामी टाकी एकदा भरावी लागते, म्हणजे नळाला पाणी येते. त्यानंतर जेवढे पाणी वापरले जाते, तेवढेच रोज भरायचे. नवजात बाळाचे यकृत आणि मूत्रपिंड अजून कच्चे असतात. पहिल्या आठवड्यात शरीरातले निम्मे औषध बाहेर पडायला साधारण चार दिवस लागू शकतात. म्हणून रोजची भर अगदी थोडी लागते, आणि तीच थोडी जास्त झाली तर औषध साचत जाते.

आता हिशेब. लोडिंग डोस किलोमागे २० मिलिग्रॅम. तो शिरेतून हळूहळू, साधारण २० मिनिटांत द्यायचा, म्हणजे मिनिटाला किलोमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेग नको. झटके थांबले नाहीत, तर डॉक्टर किलोमागे १० मिलिग्रॅमचा आणखी एक डोस देतात, आणि गरज पडली तर अजून एक. सगळे मिळून किलोमागे ४० मिलिग्रॅम ही वरची हद्द आहे. मेंटेनन्स किलोमागे दिवसाला ३ ते ५ मिलिग्रॅम, आणि तो लोडिंगनंतर १२ ते २४ तासांनी सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. बाळाचे वजन २.८ किलो, पूर्ण दिवसांचे, जन्मताना रडायला उशीर झालेला. जन्मानंतर सोळाव्या तासाला डोळे एकीकडे वळतात आणि डावा हात लयीत उडू लागतो. साखर ६२, म्हणजे ठीक. लोडिंग डोस २.८ गुणिले २०, म्हणजे ५६ मिलिग्रॅम.

आता खरी अडचण. आपल्याकडे या इंजेक्शनच्या १ मिलिलिटरच्या कुपीत बहुधा २०० मिलिग्रॅम औषध असते. ५६ मिलिग्रॅमसाठी त्यातले फक्त ०.२८ मिलिलिटर लागेल. एवढेसे औषध सिरिंजमध्ये अचूक मोजणे अवघड आणि हळूहळू सोडणे त्याहून अवघड. म्हणून आम्ही १ मिलिलिटर औषधात ९ मिलिलिटर सलाईन मिसळून १० मिलिलिटर करतो. आता प्रत्येक मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम आले. त्यामुळे या बाळाला २.८ मिलिलिटर द्यायचे. जितके किलो, तितके मिलिलिटर. हिशेब डोळ्यांना लगेच पटतो. सिरिंजवर औषधाचे नाव आणि ‘१ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम’ असे लिहून चिकटवायचे.

धोका नेमका इथेच असतो. कुणी घाईत पातळ न करता कुपीतलेच औषध २.८ मिलिलिटर ओढले, तर बाळाला ५६ ऐवजी ५६० मिलिग्रॅम जाईल, दहापट. तसे ओढायला एक कुपी पुरत नाही, तीन फोडाव्या लागतात. म्हणून आमचा नियम असा, की एका नवजात बाळासाठी दुसरी कुपी फोडायची वेळ आली, तर हात थांबवायचा आणि पुन्हा गुणाकार करायचा. वजन एकीने वाचायचे, हिशेब दोघींनी वेगवेगळा करायचा. वजनही तराजूवरचे हवे, अंदाजाचे नको. आणि कुपीवरचे लेबल प्रत्येक वेळी वाचायचे, कारण दुसऱ्या कंपनीची कुपी वेगळ्या ताकदीची असू शकते.

औषध सुरू करण्याआधी बाळाजवळ बाळाच्या मापाचा मास्क लावलेली अंबू बॅग, ऑक्सिजन आणि सक्शन तयार हवे. पायाला किंवा हाताला ऑक्सिमीटर लावलेला हवा. शीर नीट चालू आहे हे सलाईनने तपासायचे. हे औषध शिरेबाहेर गेले तर कातडी आणि मांस जळते.

श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही, कारण नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. निरोगी बाळाचा श्वास मिनिटाला ४० ते ६० असतो, आणि मध्येच पाच-दहा सेकंदांचा थांबा आला तर तो चालतो. पण २० सेकंद श्वास आला नाही, किंवा त्याआधीच बाळ निळे पडले किंवा ठोके १०० च्या खाली गेले, तर तो धोक्याचा थांबा. औषध चालू असताना आम्ही दर पाच मिनिटांनी मोजतो, नंतरचा एक तास दर पंधरा मिनिटांनी, मग तासातासाने, आणि प्रत्येक आकडा वेळेसह लिहितो. नुसता ऑक्सिमीटर पुरत नाही. ऑक्सिजन लावलेला असेल, तर श्वास मंद झाला तरी यंत्रावरचा आकडा काही वेळ चांगलाच दिसतो.

आपल्या बाळाचे पुढे बघू. सुरुवातीला श्वास ५२, दहाव्या मिनिटाला ४६, विसाव्या मिनिटाला ४२. झटका कमी झाला, पण अर्ध्या तासाने परत आला. डॉक्टरांनी दुसरा डोस लिहिला, २८ मिलिग्रॅम, म्हणजे पातळ केलेले १.४ मिलिलिटर, दहा मिनिटांत. सातव्या मिनिटाला श्वास २८ झाला आणि मग थांबलाच. अशा वेळी क्रम ठरलेला असतो. आधी औषध बंद. मान सरळ करून पाठ किंवा तळवा चोळायचा. तेवढ्याने श्वास आला नाही, तर लगेच अंबू बॅगने मिनिटाला ४० ते ६० श्वास द्यायचे आणि छाती उचलते आहे ना हे बघायचे. फेनोबार्बिटोनचा उतारा नाही. बाळ स्वतः नीट श्वास घेईपर्यंत आपणच श्वास द्यायचा, आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर. म्हणूनच ज्या ठिकाणी अंबू बॅग वापरणारे हात नाहीत, तिथे दुसरा डोस देण्याची घाई करू नये. मिडाझोलम किंवा डायझेपाम आधी दिले असेल, तर हा धोका आणखी वाढतो.

दुसऱ्या दिवसापासून मेंटेनन्स. किलोमागे ५ मिलिग्रॅम धरले तर दिवसाला १४, दोनदा विभागून ७-७ मिलिग्रॅम; पातळ केलेले ०.३५ मिलिलिटर. चार-पाच दिवसांनी बाळ उठवले तरी उठत नाही, अंगावर ओढत नाही, हातपाय ढिले पडले, श्वास मंद झाला, तर औषध साचले असावे. पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना बोलवावे. बाळ अशा गुंगीत असताना वाटीचमच्याने दूध पाजू नये. मात्र ढिलेपणा मेंदूच्या मूळ दुखण्यामुळेही असतो. औषधाची रक्तातली पातळी तपासता आली तर ते वेगळे करता येते. आणखी एक गोष्ट. औषधानंतर हातपाय शांत झाले, तरी मेंदूत झटका चालू राहू शकतो. तो फक्त ईईजीत दिसतो. म्हणून सोय असेल तिथे डॉक्टर ईईजी करतात.

बाळाला गावातून जिल्ह्याच्या नवजात कक्षात हलवताना एक कागद बाळाइतकाच जपावा. त्यावर वजन, औषधाचे नाव, मिलिग्रॅममध्ये डोस, दिल्याची वेळ आणि शेवटचा श्वासाचा आकडा हवा. ‘झटक्याचे इंजेक्शन दिले’ एवढेच लिहिले असेल, तर पुढच्या डॉक्टरांना लोडिंग झाले की नाही कळत नाही. मग ते पुन्हा दिले जाण्याची भीती असते. हा कागद मागणे आई-बापाचा हक्क आहे. आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि नेण्या-आणण्याची गाडी सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे.

झटके जन्मावेळच्या गुदमरण्यासारख्या तात्पुरत्या कारणाने आले असतील आणि थांबले असतील, तर आता बहुतेक बाळांचे हे औषध घरी सोडण्याआधीच बंद करतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या शिफारशीही तेच सांगतात. काही बाळांना मात्र घरी सिरप चालू ठेवावे लागते. तेव्हा किती चमचे असे विचारू नका. बाटलीच्या ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे आणि बाळाला किती मिलिलिटर द्यायचे, हे कागदावर लिहून घ्या आणि सुई नसलेल्या सिरिंजनेच मोजा. बाटली बदलली, तर लेबल पुन्हा वाचा. वजन वाढले म्हणून डोस स्वतः वाढवू नका आणि बाळ बरे दिसते म्हणून स्वतः बंदही करू नका.