चुंबकीय क्षेत्राला वळसा घालायला लावणारी खोली

मेंदूतल्या पेशी काम करत असताना त्यांच्यातून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह वाहतात, आणि जिथे प्रवाह तिथे चुंबकीय क्षेत्र आलंच. डोक्याच्या बाहेर हे क्षेत्र मोजलं तर साधारण १०० फेम्टोटेस्ला भरतं. महाराष्ट्रात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे मेंदूच्या क्षेत्राच्या ४० कोटी पट. पृथ्वीचं क्षेत्र निदान एका जागी स्थिर असतं. खरा त्रास हलत्या लोखंडाचा होतो. रस्त्यावरून बस गेली, इमारतीतली लिफ्ट वर सरकली, की आसपासचं क्षेत्र शंभरेक नॅनोटेस्लाने सहज बदलतं. एवढासा बदलही मेंदूच्या संकेताच्या दहा लाख पट मोठा असतो. अशा गोंगाटात मेंदूचं काही ऐकायचं, तर आधी एक चुंबकीयदृष्ट्या शांत खोली बांधावी लागते.

डेव्हिड कोहेन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये तांब्याच्या तारेचे लाखो वेढे असलेलं वेटोळं वापरून मेंदूचं क्षेत्र पहिल्यांदा टिपलं, पण संकेत इतका अस्पष्ट होता की तो सरासरी काढून काढून शोधावा लागला. मग एमआयटीमध्ये त्याने नवी खोली बांधली. तिला चार भिंती आणि एक छत नव्हतं. २६ बाजूंची, जवळपास गोलाकार अशी ती रचना होती, आणि तिचं कवच एकाबाहेर एक अशा अनेक थरांचं होतं. १९६९ च्या अखेरीस जेम्स झिमरमनने आणलेला अतिसंवेदनशील ‘स्क्विड’ संवेदक या खोलीत ठेवून हृदयाचं क्षेत्र स्वच्छ नोंदवलं गेलं. १९७२ मध्ये मेंदूचंही तसंच जमलं. खोली गोल का आणि थर अनेक का, या दोन प्रश्नांच्या उत्तरात चुंबकीय कवचाचं सगळं शास्त्र येतं.

पहिली गोष्ट अशी, की चुंबकीय क्षेत्र अडवता येत नाही. विद्युतक्षेत्राच्या रेषा धन प्रभारापासून निघतात आणि ऋण प्रभारावर संपतात, म्हणून धातूच्या पत्र्यावर त्या संपवता येतात. चुंबकीय रेषेला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. एकटा उत्तर ध्रुव किंवा एकटा दक्षिण ध्रुव आजवर कुणाला सापडलेला नाही. प्रत्येक रेषा फिरून स्वतःलाच मिळते. म्हणजे भिंतीपाशी आलेली रेषा तिथे संपणार नाही, ती कुठून तरी पुढे जाणारच. आपल्या हातात एवढंच उरतं, की तिला जायला खोलीच्या आतल्या हवेपेक्षा फार सोपी वाट करून द्यायची. कोकणात डोंगरउतारावरच्या घरामागे चर खणतात, तसं हे आहे. पाऊस थांबत नाही, पण उतारावरचं पाणी चरात उतरतं आणि घराला वळसा घालून खाली जातं.

हा चर ज्या धातूचा असतो त्याला म्यू-मेटल म्हणतात. त्यात साधारण ७७ ते ८० टक्के निकेल, उरलेलं बहुतेक लोखंड आणि थोडं तांबं किंवा मॉलिब्डेनम असतं. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलसाठी तो तयार झाला. त्याचा महत्त्वाचा गुण म्हणजे चुंबकीय पार्यता, म्हणजे क्षेत्ररेषांना आपल्यातून जाऊ देण्याची तयारी. हवेची पार्यता एक धरली तर चांगल्या म्यू-मेटलची वीस हजार किंवा त्याहून जास्त भरते. या फरकामुळे सीमेवर एक विलक्षण गोष्ट घडते. हवेतून येणारी रेषा धातूच्या पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात भेटते आणि आत शिरताक्षणी एकदम वळून पृष्ठभागाला समांतर धावू लागते. मग भिंतीच्या आतून, खोलीला बगल देत, ती पलीकडच्या बाजूने बाहेर पडते.

रेषा खरोखर वळवल्या जातात, याचा पुरावा खोलीच्या बाहेर मिळतो. गोल कवच आपल्या आकारापुरत्याच रेषा ओढून घेत नाही. आपल्या छेदाच्या तिप्पट क्षेत्रफळातून येणाऱ्या रेषा ते गोळा करतं. त्यामुळे रेषा जिथे शिरतात आणि जिथे निघतात, त्या दोन टोकांना बाहेरचं क्षेत्र मूळच्या जवळपास तिप्पट होतं, आणि मधल्या पट्ट्यात ते शून्याजवळ येतं. हातात साधा चुंबकमापक घेऊन कवचाभोवती फेरी मारली तरी हे दिसतं. शेजारच्या खोलीत कुणाचं नाजूक उपकरण असेल, तर आपल्या शांततेची किंमत त्याला मोजावी लागू शकते. कवचाची जागा ठरवताना म्हणूनच शेजारीपाजारी पाहावं लागतं.

आता जाडीकडे येऊ. स्वाभाविकपणे वाटतं, भिंत जितकी जाड तितकी खोली शांत. हे काही अंशीच खरं आहे, आणि किती अंशी ते आकड्यांनीच पाहायला हवं. आतून एक मीटर त्रिज्येचा पोकळ गोल घ्या, धातूची पार्यता २०,००० धरा. कवच एक मिलिमीटर जाड असेल तर आतलं क्षेत्र बाहेरच्या चौदाव्या भागाइतकं उरतं. एक सेंटिमीटर केलं, तर १३१ वा भाग. इथवर जाडी आणि संरक्षण जवळपास हातात हात घालून वाढतात. दहा सेंटिमीटर केलं की गुणांक होतो ११०० च्या आसपास, आणि कवचाचं वजन बारा टनांवर जातं. पूर्ण एक मीटर जाडीचा गोल ओतला, तर धातू अडीचशे टनांहून जास्त लागेल आणि गुणांक मिळेल फक्त ३,९०० च्या आसपास. त्यापुढे कितीही धातू वाढवला, तरी गणित ४,४४४ ची मर्यादा ओलांडू देत नाही. कारण जाडी वाढत जाते तसा नवा धातू खोलीपासून दूर दूर जातो. बाहेरचे ते थर स्वतःसाठी आणखी रेषा ओढून घेतात, पण खोलीच्या अगदी भोवतालच्या धातूतून ज्या रेषा धावतात त्यांचं प्रमाण फारसं बदलत नाही. आत जी थोडी गळती होते ती त्याच धातूतून होते.

उपाय थरांत आहे. तोच एक सेंटिमीटर धातू दोन कवचांत वाटा. पाच मिलिमीटर जाडीचं एक कवच एक मीटर त्रिज्येवर, तेवढंच दुसरं १.३ मीटर त्रिज्येवर, आणि मध्ये नुसती हवा. एकेकट्या कवचाचे गुणांक येतात ६७ आणि ५१. एकत्र ठेवल्यावर त्यांची बेरीज होत नाही, जवळपास गुणाकार होतो, आणि मधल्या अंतराचा हिशेब धरून एकूण गुणांक दोन हजारांच्या जवळ जातो. वजन दीड टनाच्या आसपास. बारा टनांच्या दहा सेंटिमीटर भिंतीपेक्षा हे जवळपास दुप्पट चांगलं! मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटते ती ही मधली हवा. बाहेरचं कवच बहुतेक रेषा घेऊन जातं, आणि जे थोडं आत झिरपतं ते क्षीण क्षेत्र दुसऱ्या कवचाला नव्याने भेटतं. मग ते कवच आपलं वळवण्याचं काम पुन्हा पहिल्यापासून करतं. दोन्ही कवचं एकमेकांना चिकटवली, तर हवेचं ते अंतर नाहीसं होतं, दोन थर एकच जाड भिंत बनतात आणि गुणाकाराचा फायदा हातचा जातो. थरांच्या मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रेही बसवतात. ते स्थिर क्षेत्राला काही करत नाहीत, पण झपाट्याने बदलणाऱ्या क्षेत्रामुळे त्यांच्यात उलटे प्रवाह उठतात आणि तो बदल आत पोचायच्या आधीच दबतो.

गोल आकाराचं कारणही याच वाटेत आहे. चौकोनी खोलीच्या कोपऱ्यांत रेषांना अचानक वळावं लागतं, आणि धारदार वळणाशी त्या हवेत निसटतात. गोलात तशी जागाच नसते. मात्र पत्रे वाकवून गोल खोली बांधणं आणि तिला दार बसवणं इतकं जिकिरीचं असतं, की पुढे बांधलेल्या बहुतेक खोल्या चौकोनीच झाल्या आणि आकाराने गमावलेलं जास्तीच्या थरांनी भरून काढलं गेलं.

कागदावरचे हे गुणांक प्रत्यक्षात मात्र सहजी मिळत नाहीत. म्यू-मेटल फार हळवा असतो. आकार दिल्यावर त्याला हायड्रोजनच्या भट्टीत ११०० अंशांच्या वर तापवून सावकाश थंड करतात. त्याने धातूतला कार्बन निघून जातो आणि स्फटिक मोठे होतात, तेव्हा कुठे ती मोठी पार्यता येते. त्यानंतर पत्रा वाकला, त्याला भोक पाडलं किंवा नुसता हातातून जोरात पडला, तरी पार्यता घसरते. डोळ्यांना पत्रा तसाच दिसतो. आत चुंबकमापक फिरवला आणि एका कोपऱ्यात आकडा वर गेला की मगच बिघाड कळतो. सांधे ही दुसरी दुखरी जागा. दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहिली, तरी रेषांच्या वाटेत हवा येते आणि त्या तिथून आत सांडतात. म्हणून सांध्यांवर पट्ट्या चढवून घट्ट आवळतात. दाराची कड तर दर वेळी बंद करताना सगळीकडे सारखी दाबली जावी लागते.

या धातूची एक मर्यादा ओलांडता येत नाही. वरच्या पाच मिलिमीटर गोलात, पृथ्वीच्या ४० मायक्रोटेस्ला क्षेत्रात, भिंतीच्या आतलं क्षेत्र १२ मिलिटेस्ला होतं, म्हणजे बाहेरच्या तीनशे पट. म्यू-मेटल ०.८ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतो, त्यामुळे इथे भरपूर सवड आहे. पण हाच गोल एखाद्या एमआरआय यंत्राजवळ, तीन मिलिटेस्ला क्षेत्रात ठेवला तर भिंतीत ०.९ टेस्ला क्षेत्र मावायला हवं, आणि ते मावत नाही. धातू भरून गेला की त्याची पार्यता कोसळते आणि पुढच्या रेषा सरळ खोलीत शिरतात. अशा जागी सर्वांत बाहेर साध्या मऊ लोखंडाचा जाड थर देतात. त्याची पार्यता कमी असते, पण त्यात जवळपास दोन टेस्ला मावतात. पहिला तडाखा तो घेतो आणि आतल्या म्यू-मेटलला त्याला झेपेल एवढंच काम उरतं.

इतकं करूनही आमच्या दोन थरांच्या गोलात शंभर नॅनोटेस्लाची शहरी खळबळ पन्नास पिकोटेस्ला होऊन आत येते. हृदयाचं क्षेत्र तेवढंच असतं, त्यामुळे ते कसंबसं वाचता येईल. मेंदूचं त्याच्या पाचशेव्या भागाइतकं आहे. बर्लिनच्या पीटीबी या मापनसंस्थेने आपल्या खोलीला म्यू-मेटलचे सात थर आणि ॲल्युमिनियमचा एक थर दिला, तो याच कारणाने. बंगळुरूच्या निमहान्समध्ये अपस्माराच्या झटक्याचा उगम मेंदूत नेमका कुठे आहे हे चुंबकीय मापनाने शोधतात, तेही अशाच कवचाच्या खोलीत.

खोली बांधून झाली तरी काम संपत नाही. भिंतीच्या धातूतच थोडं चुंबकत्व मागे राहतं, आणि कुणी चुंबक किंवा लोखंडी वस्तू आत नेली की ते वाढतं. बाहेरचं क्षेत्र कितीही वळवलं, तरी भिंतीचं स्वतःचं क्षेत्र आतच उरतं. म्हणून भिंतींभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्यांतून आधी मोठा उलटसुलट प्रवाह सोडतात आणि तो अगदी सावकाश कमी करत शून्यावर आणतात. प्रवाह घाईने तोडला, तर धातू शेवटच्या झटक्याच्या दिशेला चुंबकित होऊन बसतो आणि सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. डोक्याला लागून बसवले जाणारे नव्या पद्धतीचे काही संवेदक आसपासचं क्षेत्र मोजक्या नॅनोटेस्लांच्या आत असेल तरच नीट चालतात. अशा खोल्यांमध्ये मोजणी सुरू करण्याआधी ही धातू शांत करण्याची क्रिया आधी उरकून घेतात.