रीडिंग बरोबर, वाक्य चुकीचं

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन असतं. पिपेटने 10 मिली ऑक्झॅलिक ॲसिड कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, मिश्रण 60 ते 70 अंशांपर्यंत तापवायचं आणि गरम असतानाच ब्युरेटमधलं जांभळं परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं. फिकट गुलाबी रंग टिकला की एंड पॉइंट आला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगीही हे सगळं नीट करते, तिची रीडिंग जुळतात, सी.बी.आर. मिळतो. मग ती जर्नल लिहायला बसते आणि साधारण या घडणीची वाक्यं कागदावर उतरतात:

“टेन एमएल ऑक्झॅलिक ॲसिड इज टेकन इन कॉनिकल फ्लास्क. ॲड लिटल सल्फ्युरिक ॲसिड इन इट. इट इज हीटेड ॲट सेव्हन्टी डिग्री. सोल्यूशन टर्न्स पिंक ॲट नाइन पॉइंट एट एमएल.”

तपासणारे शिक्षक लाल पेनाने सात-आठ गोल करतात. सगळे गोल सारखेच दिसतात, पण त्यांतल्या काही चुका नुसत्या कानाला खटकणाऱ्या आहेत, तर काही चुकांमुळे प्रयोगच बदलतो. हा फरक मुलांना कुणी सांगत नाही आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

दुसऱ्या वाक्यातलं ‘लिटल’ घ्या. मराठीत “थोडं ॲसिड घाल” म्हटलं की काम भागतं. इंग्रजीत ‘अ लिटल’ म्हणजे थोडंसं, आणि नुसतं ‘लिटल’ म्हणजे जवळजवळ नाहीच. एका अक्षराचा ‘अ’ गळला आणि सूचना उलटी झाली. या टायट्रेशनमध्ये ते महागात पडतं, कारण ॲसिड पुरेसं नसेल तर परमँगनेटचं पूर्ण क्षपण होत नाही आणि फ्लास्कमध्ये मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा दिसू लागतो. एंड पॉइंट मग धड कळतच नाही. निरीक्षणात “लिटल प्रेसिपिटेट” लिहिलं तरी हाच घोटाळा होतो. मुलाला म्हणायचं असतं की थोडा गाळ दिसला, वाचणारा समजतो की गाळ जवळपास नव्हताच. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचा हाच नियम लागतो, म्हणून ‘अ फ्यू ड्रॉप्स’ लिहायचं.

‘द’ची गोष्ट वेगळी आहे. मराठीला आर्टिकल नाहीत. कोणती वस्तू म्हणायची ते संदर्भावरून कळतं, आणि नाहीच कळलं तर आपण ‘तो’, ‘त्या’ जोडतो. पण टेबलावर एक द्रावण ब्युरेटमध्ये जांभळं आणि दुसरं फ्लास्कमध्ये रंगहीन असताना नुसतं “सोल्यूशन टर्न्स पिंक” वाचणाऱ्याला अडखळायला लावतं. “द सोल्यूशन इन द फ्लास्क” लिहिलं की प्रश्न उरत नाही. पहिल्यांदा उल्लेख करताना ‘अ कॉनिकल फ्लास्क’, नंतर त्याच फ्लास्कला ‘द फ्लास्क’, एवढं धरलं तरी निम्म्या जागा सुटतात. मात्र हे एकदा कळलं की मुलं सगळीकडे ‘द’ पेरतात. “द ऑक्झॅलिक ॲसिड इज सोल्युबल इन द वॉटर” असं विधान तयार होतं. पदार्थाबद्दल सर्वसाधारण बोलताना त्याच्यापुढे काहीच लागत नाही. ‘अ’ की ‘ॲन’ हे मात्र उच्चारावर ठरतं. NaOH आणि HCl ही अक्षरं ‘एन’, ‘एच’ अशी स्वराने सुरू होतात, म्हणून त्यांच्या द्रावणाआधी ‘ॲन’ येतं. KMnO4 ‘के’ने सुरू होतं, तिथे ‘अ’.

प्रेपोझिशनच्या चुका मला जास्त धोक्याच्या वाटतात, कारण त्या आकड्यांना चिकटलेल्या असतात. “ॲड इन इट” हे ‘त्यात घाल’ वरून आलेलं आहे. इंग्रजीत तिथे ‘टू’ हवं, पण अर्थ बिघडत नाही. तापमानाचं तसं नाही. ‘हीटेड टू सेव्हन्टी’ म्हणजे 70 अंशांपर्यंत नेलं. ‘ॲट सेव्हन्टी’ म्हणजे 70 अंशांवर ठेवून तापवत राहिलं. ‘बाय सेव्हन्टी’ म्हणजे 70 अंशांनी वाढवलं. खोलीचं तापमान 28 असेल तर तिसऱ्या वाक्याप्रमाणे द्रावण 98 अंशांवर, उकळीच्या तोंडाशी पोचतं. इतक्या उष्णतेत ऑक्झॅलिक ॲसिडचं विघटन होऊ लागतं आणि परमँगनेट कमी लागतं. गंमत अशी की मराठीत ‘पर्यंत’, ‘वर’ आणि ‘नी’ हे तिन्ही अर्थ अगदी स्वच्छ वेगळे आहेत. आधी मनात मराठी वाक्य म्हणून पाहिलं तर इथे चूक होत नाही.

चूक होते ती ‘ने’मुळे. पिपेटने घेतलं, पाण्याने पातळ केलं, रीडिंग 1 मिलीने वाढलं: मराठीत एकच प्रत्यय, म्हणून मुलं सरसकट ‘बाय’ लिहितात. इंग्रजीत पहिल्या दोन ठिकाणी ‘विथ’ आणि फक्त तिसऱ्या ठिकाणी ‘बाय’ येतं. द्रावण पातळ करताना याचा हिशेब थेट दिसतो. 1 मोलर HCl 10 मिली घेऊन ‘डायल्यूटेड टू 100 एमएल’ म्हटलं, तर एकूण आकारमान 100 मिली आणि द्रावण 0.1 मोलर. ‘डायल्यूटेड विथ 100 एमएल वॉटर’ म्हटलं, तर एकूण सुमारे 110 मिली आणि द्रावण 0.091 मोलर. पुढच्या तासाला दुसऱ्या बॅचने हे जर्नल वाचून द्रावण तयार केलं आणि 10 मिली 0.1 मोलर NaOH घेऊन टायट्रेशन केलं, तर रीडिंग 10 ऐवजी 11 येईल. मग सगळे ब्युरेटला दोष देत बसतील.

काळाच्या चुकांचा उगम बहुतेक प्रॅक्टिकलच्या पुस्तकात असतो. पुस्तकातली कृती आज्ञार्थी असते: टेक, ॲड, हीट. मुलं तीच उतरवून घेतात किंवा ‘घेतले आहे’ वरून ‘हॅव टेकन’ करतात. पण अहवाल म्हणजे आपण काय केलं त्याची नोंद, म्हणून कृती आणि निरीक्षण भूतकाळात जातात: ‘वॉज टेकन’, ‘वॉज हीटेड’, ‘टर्न्ड पिंक’. निसर्गनियम वर्तमानकाळात राहतो: आम्लयुक्त माध्यमात परमँगनेट ऑक्झॅलिक ॲसिडचं ऑक्सिडेशन करतं, ते काल केलं आणि आज थांबलं असं नाही. “सोल्यूशन टर्न्स पिंक ॲट नाइन पॉइंट एट” मधली अडचण हीच आहे. 9.8 हे त्या दिवशीच्या, त्या द्रावणाचं रीडिंग होतं. वर्तमानकाळात लिहिलं की तो आकडा नियमासारखा वाचला जातो. तक्त्याकडे बोट दाखवताना मात्र ‘द टेबल शोज’ असाच वर्तमानकाळ हवा, कारण तक्ता वाचणाऱ्याच्या समोर आत्ता आहे.

मी तपासणारा असतो तर आधी आकड्यांना लागून आलेली प्रेपोझिशन पाहिली असती, मग ‘लिटल’ आणि ‘फ्यू’, मग क्रियापदांचे काळ, आणि सुटलेले ‘द’ सगळ्यात शेवटी. ती चार वाक्यं या क्रमाने दुरुस्त केली तर अशी होतात: “टेन एमएल ऑफ ऑक्झॅलिक ॲसिड वॉज पिपेटेड इंटू अ कॉनिकल फ्लास्क. वन टेस्ट ट्यूब ऑफ डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड वॉज ॲडेड टू इट. द मिक्श्चर वॉज हीटेड टू सेव्हन्टी डिग्रीज. द सोल्यूशन इन द फ्लास्क टर्न्ड पिंक आफ्टर नाइन पॉइंट एट एमएल ऑफ परमँगनेट हॅड बीन ॲडेड.” दुसऱ्या वाक्यातलं ‘लिटल’ इथे उरलंच नाही. त्याच्या जागी मोजलेलं प्रमाण आलं.