धुतलेलं अंडं लवकर नासतं

भोर तालुक्यातल्या भातपट्ट्यात पावसाळा लागला की गावरान अंड्यांचं गणित बिघडतं. कोंबड्या चिखल तुडवत खुराड्यात शिरतात, अंडी माखतात आणि बाजाराला नेण्याआधी घरोघरी ती बादलीत बुडवून धुतली जातात. स्वच्छ अंडी बघून गिऱ्हाईक खूश होतं. पण पुढच्या आठवड्यात त्यातलं एखादं नासकं निघालं की ते गिऱ्हाईक तुटतं. याच भागात सव्वाशे कोंबड्या पाळणाऱ्या एका ताईंनी शेजारपाजारच्या मंडळींना ओसरीवर बोलावून आपली पद्धत दाखवली. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “अंडं साफ करायचं नसतं, ते घाण होऊ द्यायचं नसतं.”

मग त्यांनी कारण सांगितलं. अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात. अंडं बाहेर पडताना त्यावर ओलसर थर असतो. तो काही मिनिटांत वाळतो आणि या छिद्रांवर बसतो. बाहेरच्या जंतूंना अडवणारी ही पहिली राखण. दुसरी गोष्ट उष्णतेची. कोंबडीच्या अंगाची उष्णता 41 अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे ताजं अंडं हाताला गरम लागतं. ते निवतं तसा आतला ऐवज आकसतो आणि जाड्या टोकाकडून हवा आत ओढली जाते. तिथेच हवेची पोकळी तयार होते. त्या वेळी कवचाला ओली विष्ठा लागलेली असेल, तर हवेबरोबर जंतूही आत खेचले जातात. गार पाण्यात अंडं बुडवलं की नेमकं हेच घडतं, शिवाय चोळताना वरचा थरही निघून जातो.

“पण परदेशात अंडी धुऊनच विकतात म्हणे,” एका दादांनी विचारलं. ते अर्धं खरं आहे. अमेरिकेत अंडी धुतात. पण अंड्यापेक्षा गरम पाण्याने, आणि त्यानंतर ती गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत थंडच ठेवतात. युरोपीय संघात मात्र पहिल्या प्रतीची अंडी धुवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात. गार पाण्याने धुऊन उन्हाच्या कडाक्यात टोपलीत ठेवणं, हे मात्र दोन्हींत बसत नाही.

म्हणून ताईंचा सगळा जीव अंडी घालायच्या खोक्यांवर आहे. पाच कोंबड्यांमागे एक खोकं, फूटभर लांब-रुंद, खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. कोंबडीला आडोसा लागतो. उजेडात खोकं ठेवलं तर ती गवतात जाऊन बसते. आत भाताचं कोरडं तूस चार बोटं जाड घालायचं आणि ओलं दिसलं की बदलायचं. संध्याकाळी खोक्यांवर फळी लावायची. हा छोटा उपाय मला सगळ्यांत मोलाचा वाटला, कारण कोंबडी रात्री जिथे झोपते तिथेच विष्ठा टाकते. सकाळच्या अंड्यांवरचे बरेचसे डाग रात्रीचे असतात. पहाटे फळी काढायची. खुडूक कोंबडी खोकं अडवून बसली असेल, तर तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवायचं.

बहुतेक अंडी दुपारच्या आत घातली जातात. म्हणून ताई सकाळी दोनदा आणि दुपारी एकदा फेरी मारतात, उन्हाळ्यात आणखी एकदा. अंडं जितका वेळ खोक्यात राहील तितकं ते तुडवलं जाण्याचं, फुटण्याचं भय जास्त. हात धुवायचे, अंडी ट्रेमध्ये जाडं टोक वर करून ठेवायची, आणि माखलेली पहिल्यापासून वेगळ्या टोपलीत.

त्या दिवशीची 82 अंडी त्यांनी सगळ्यांसमोर निवडली. दोन गवतात सापडलेली होती. किती दिवसांची ते कळायला मार्ग नाही, म्हणून ती विक्रीतून बाद. तीन तडकलेली. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, पण दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवली की धडक्या अंड्यांचा आवाज खणखणीत येतो आणि तडकलेल्याचा बद्द. सात माखलेली होती. त्यातल्या चारांवर सुकलेला बारीक ठिपका होता. तो कोरड्या खरखरीत फडक्याने निघाला. उरलेली तीन आणि तडकलेली तीन घरी, त्याच दिवशी, पूर्ण कडक उकडून खायची. राहिली 74.

ही 74 अंडी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर चढली. अॅगमार्कच्या प्रतवारीत 60 ग्रॅम किंवा त्याहून जड अंडं सर्वांत मोठं, 53 ते 59 मोठं, 45 ते 52 मध्यम आणि 38 ते 44 लहान धरतात. त्या दिवशी 9 मोठी, 38 मध्यम आणि 27 लहान निघाली. अस्सल गावरान कोंबडीचं अंडं लहानच असतं. ताई ते लहान म्हणूनच वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या भावाने विकतात. “वर मोठी नि खाली बारकी असं लावलं, तर गिऱ्हाईक एकदाच फसतं,” त्या म्हणाल्या.

शेवटी उजेडाची परीक्षा. पुठ्ठ्याच्या खोक्याला नाण्याएवढं भोक पाडायचं, आत मोबाइलची बॅटरी लावायची, खोलीत अंधार करायचा आणि अंड्याचं जाडं टोक भोकावर धरायचं. आतली पोकळी लख्ख दिसते. अंडं जुनं होतं तसं आतलं पाणी उडतं आणि पोकळी वाढते. पहिल्या प्रतीला ती 4 मिलिमीटरपर्यंत चालते. तपकिरी कवचातून आतलं जरा कमी दिसतं, तिथे अंडं सावकाश फिरवावं लागतं.

एका अंड्यात रक्ताचं लालसर कडं दिसलं, तसे सगळे पुढे सरकले. ते कोंबड्यामुळे झालेलं. कळपात कोंबडा असला की अंडी फलित होतात, आणि साधारण 21 अंशांच्या वर आतला गर्भ हळूहळू वाढू लागतो. उन्हाळ्यात तर भराभर. तो पुढे मरतो आणि असं कडं उरतं. खायच्या अंड्यांसाठी कोंबड्याची गरजच नसते; कोंबडी त्याच्याशिवायही तितकीच अंडी देते. कोंबडा वेगळा केला तरी दोन-तीन आठवडे फलित अंडी येत राहतात, म्हणून ताई फाल्गुनातच त्याला दुसरीकडे बांधतात. ते अंडं काढल्यावर विक्रीला 73 उरली.

साठवणीला त्यांच्याकडे माठ आहे. सावलीत ओल्या वाळूवर मोठा माठ ठेवायचा, वाळूवर दोन वेळा पाणी शिंपडायचं, आत मात्र सगळं कोरडं. अंडी त्यात टोपलीने ठेवायची, तोंडावर पातळ कापड. शेजारी कांदे-लसूण, सुकट नको. अंडं वास ओढून घेतं. शेजारच्या आत्यांनी फ्रिजचं विचारलं. फ्रिज उत्तमच, पण एकदा आत गेलेलं अंडं गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत गारच राहिलं पाहिजे. बाहेर काढून दमट हवेत ठेवलं की त्याला घाम फुटतो आणि कवच पुन्हा ओलं होतं.

प्रत्येक ट्रेवर तारीख लिहिलेली असते आणि जुना ट्रे आधी जातो. कोंबड्यांना औषध चालू असलं, तर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस अंडी विकायची नाहीत, दुसऱ्याला फुकट द्यायचीही नाहीत.

बाजारातून परत आलेले पुठ्ठ्याचे ट्रे त्या कधीच घेत नाहीत. दुसऱ्याच्या खुराड्यातला रोग त्यांतून आपल्याकडे येऊ शकतो, आणि पुठ्ठा धुता येत नाही. ताईंकडे प्लॅस्टिकचे आहेत. एका ट्रेमध्ये 30 अंडी मावतात. ते रिकामे आले की साबणाने घासून, कडक उन्हात वाळवून मगच खुराड्याजवळ नेतात.