चाळीस पिक्सेलची उडी

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) या चित्रपटातला ओमाहा किनाऱ्यावरचा लढाईचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो सहजासहजी विसरता येत नाही. बॉम्ब फुटतो, माती उसळते आणि त्या मातीचं ढेकूळ न् ढेकूळ हवेत वेगळं दिसतं. धावणारे सैनिक मात्र सलग धावत नाहीत. ते क्षणाक्षणाला दचकल्यासारखे पुढे सरकतात. दृश्य लख्ख आहे, तरी हालचाल खडबडीत. हा परिणाम संकलनाच्या टेबलावर तयार झालेला नाही, तो चित्रीकरणातच साधलेला आहे. छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी कॅमेऱ्याचा शटर अँगल नेहमीच्या १८० अंशांऐवजी ९० आणि काही शॉट्ससाठी थेट ४५ अंशांवर आणला होता.

अंश कशाचे, हे समजायला फिल्मच्या कॅमेऱ्यात डोकावावं लागतं. भिंगाच्या मागे एक गोल चकती फिरत असते. तिचा काही भाग कापलेला असतो. तो कापलेला भाग फिल्मसमोर आला की प्रकाश आत जातो आणि एक चित्र, म्हणजे एक फ्रेम उमटते. उरलेला भाग समोर आला की अंधार होतो, आणि त्या अंधारात यंत्र फिल्म पुढे ओढून दुसरी कोरी फ्रेम जागेवर आणतं. फिल्म सरकवायला वेळ लागतोच, त्यामुळे चकती साधारण अर्धी उघडी आणि अर्धी बंद ठेवणं सोयीचं ठरलं. वर्तुळ ३६० अंशांचं, त्याचं अर्धं म्हणजे १८०. सेकंदाला २४ फ्रेम असतील, तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १/२४ सेकंद येतो आणि १८० अंशांना त्यातला निम्मा वेळ, म्हणजे १/४८ सेकंद, प्रकाश आत येतो. आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत व्हिडिओसाठी अशी चकती फिरत नाही, पण हिशेब तोच राहिला आहे.

आता एक साधा शॉट घेऊ. कॅमेरा स्टँडवर स्थिर आहे आणि समोरून एक मोटरसायकल दोन सेकंदांत पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल धरली, तर गाडी सेकंदाला ९६० आणि प्रत्येक फ्रेमला ४० पिक्सेल पुढे जाते. १८० अंशांना शटर यातला निम्मा वेळ उघडं असतं. म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये गाडीच्या कडा २० पिक्सेल फराटल्यासारख्या उमटतात, आणि पुढचे २० पिक्सेल गाडी अंधारात कापते. हा फराटा म्हणजेच मोशन ब्लर. शटर ४५ अंशांवर आणलं की फराटा फक्त ५ पिक्सेलचा राहतो आणि न दिसणारं अंतर ३५ पिक्सेल होतं. उलट ३६० अंशांना फराटा पूर्ण ४० पिक्सेलचा होतो आणि मध्ये फट उरतच नाही.

चित्र थांबवून पाहिलं तर ४५ अंशांची फ्रेम सर्वांत चांगली वाटेल. नंबरप्लेट वाचता येईल, चाकाच्या तारा मोजता येतील. पण व्हिडिओ चालू केला की तीच स्पष्टता अंगाशी येते. धारदार कड एका जागी दिसते आणि पुढच्या फ्रेमला ४० पिक्सेल पलीकडे तितकीच धारदार उगवते. मधली जागा भरून काढायला डोळ्याला काहीच मिळत नाही. त्यामुळे हालचाल न दिसता एकामागून एक जागा दिसतात, कधी तर एकाच कडेच्या दोन-तीन कडा झाल्याचा भास होतो. १८० अंशांचा फराटा पुढच्या जागेच्या अर्ध्या वाटेपर्यंत पोचलेला असतो, म्हणून हालचाल जोडली जाते. ३६० अंशांना ती आणखी सलग होते, पण सगळं ओलसर, सैल वाटू लागतं, आणि हलणाऱ्या चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात. प्रत्येक फ्रेमची तीक्ष्णता आणि चालत्या चित्राचा सलगपणा यांत एकाला वाढवायचं तर दुसऱ्याला थोडं द्यावंच लागतं. माझ्या मते नवख्या व्हिडिओकारांना सर्वांत आधी हेच सांगायला हवं, कारण फोटोग्राफीत आयुष्यभर धूसरपणा टाळायला शिकलेला माणूस व्हिडिओतही तेच करायला जातो.

हा फरक हालचाल वेगवान असेल तेव्हाच जाणवतो. तीच गाडी दहा सेकंदांत पडदा ओलांडत असेल, तर उडी फ्रेममागे ८ पिक्सेलची. मग फराटा ४ पिक्सेलचा असो की १ चा, फारसं कुणाच्या लक्षात येणार नाही. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाच्या मुलाखतीत तर शटर अँगलची चर्चाच नको. पडद्याचा आकारही महत्त्वाचा. मोबाइलवर खपून जाणारी उडी थिएटरच्या पडद्यावर हातभर होते.

आपल्याकडे हा दोष सर्वाधिक दिसतो तो भर उन्हात मोबाइलने काढलेल्या व्हिडिओत. ढोल-ताशा पथकाचं दुपारचं वादन घ्या. मोबाइलच्या भिंगाचं छिद्र बहुधा बदलता येत नाही, आणि ते बरंच मोठं असतं. एवढ्या उजेडात चित्र पांढरंफटक होऊ नये म्हणून मोबाइल आपणहून शटर १/४००० सेकंदाच्या आसपास नेऊ शकतो. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर हा शटर अँगल तीन अंशांपेक्षाही कमी भरतो. म्हणजे कामिन्स्कींच्या ४५ अंशांपेक्षा कितीतरी कमी. मग ताशाच्या काड्या हवेत गोठलेल्या दिसतात. एका फ्रेमला वर, दुसरीला खाली, मधला प्रवास गायब. वादन ऐकायला सलग आणि बघायला तुटक. संध्याकाळी उजेड कमी झाला की तोच मोबाइल १/३० सेकंदापर्यंत येतो, म्हणजे ३६० अंश, आणि त्याच काड्यांचे धुरकट पंखे होतात. दोन्ही क्लिप एकमेकींना जोडल्या की त्या एकाच मिरवणुकीच्या वाटत नाहीत.

यावरचा इलाज म्हणजे एनडी फिल्टर, भिंगासमोर लावायची करडी काच. १/४००० वरून १/६० वर यायचं तर प्रकाश साधारण साठाव्या-सत्तराव्या हिश्शावर आणावा लागतो. बाजारात एनडी ६४ म्हणून मिळणारी काच नेमकी त्यासाठी असते. काच लावून मोबाइल स्वयंचलितच ठेवला तर शटर आपल्याला हव्या त्या जागी टिकेलच असं नाही. म्हणून शटर आणि आयएसओ हाताने ठरवता येतील असं कॅमेरा ॲप वापरावं लागतं.

घरात किंवा हॉलमध्ये दुसरंच बंधन येतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा आणि काही एलईडींचा उजेड सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं, तर प्रत्येक फ्रेममध्ये या चढउतारांची पूर्ण संख्या मावते आणि चित्र लुकलुकत नाही. सेकंदाला २५ फ्रेमवर १८० अंश म्हणजे नेमकं १/५०. चोवीस फ्रेमवर चित्रण करणारे मात्र कॅमेऱ्यात १७२.८ असा विचित्र दिसणारा आकडा निवडतात. त्याचंही उत्तर १/५० सेकंदच येतं.

फ्रेमची संख्या वाढवून उडीच लहान करायची, हाही एक मार्ग. पीटर जॅक्सन यांनी ‘द हॉबिट’ (२०१२) सेकंदाला ४८ फ्रेमने चित्रित केला. आपल्या मोटरसायकलची उडी तिथे २० पिक्सेलवर येईल. पण बहुतेक थिएटरांत चित्रपट २४ फ्रेमनेच दिसणार होता आणि त्यासाठी एकाआड एक फ्रेम गाळावी लागणार होती. शटर १/९६ सेकंद ठेवलं असतं तर गाळलेल्या आवृत्तीत ते जेमतेम ९० अंश भरलं असतं, आणि हालचाल खडबडीत झाली असती. म्हणून त्यांनी १/६४ सेकंद निवडलं. ते ४८ फ्रेमला २७० अंश आणि २४ फ्रेमला १३५ अंश होतं. दोन्हीकडे चालेल अशी ही तडजोड होती. तरीही ४८ फ्रेमची आवृत्ती पाहिलेल्या अनेकांनी ती टीव्हीसारखी दिसते अशी तक्रार केली.

१८० अंश मुद्दाम मोडायची कारणंही असतात. धावत घेतलेला हलता शॉट नंतर सॉफ्टवेअरने स्थिर करायचा असेल, तर शटर जलद ठेवलेलं बरं. सॉफ्टवेअर फ्रेम सरकवून हादरा काढून टाकतं, पण त्या हादऱ्याचा फराटा चित्रात तसाच राहतो. मग स्थिर उभ्या इमारतीच्या कडा अधूनमधून विनाकारण धूसर होताना दिसतात. असा व्हिडिओ थांबवून एकेक फ्रेम पुढे नेली की दोष लगेच सापडतो: चौकट जागच्या जागी असते आणि खिडक्यांचे गज मात्र एका फ्रेमपुरते जाड झालेले असतात.