खोली सोडताना डिपॉझिटचा हिशेब

पुण्यात चार विद्यार्थी मिळून फ्लॅट भाड्याने घेतात, तेव्हा डिपॉझिट मालकाकडे एकरकमी जमा होते. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. मधल्या काळात कुणाला दुसऱ्या शहरात इंटर्नशिप मिळते, कुणाला वसतिगृहात जागा मिळते, आणि चौघांपैकी एक जण निघतो. अशा वेळी मालक सहसा एकट्याचा वाटा परत करत नाही. त्याच्या लेखी डिपॉझिट एकच असते आणि घर पूर्ण रिकामे झाल्यावरच ते सुटते. त्यामुळे निघणाऱ्याला पैसे मिळतात ते त्याच्या जागी येणाऱ्याकडून.

वादाचे मूळ इथेच आहे. येणारा जे पैसे मोजतो, त्यांच्या बदल्यात त्याला करार संपल्यावर मालकाकडून परत येणाऱ्या रकमेतला हिस्सा मिळतो. ती रकम मूळ डिपॉझिटपेक्षा कमी असणार, कारण रंगकाम आणि तुटफुटीचे पैसे मालक कापून घेतो. निघणाऱ्याने आपला वाटा पूर्ण वसूल केला, तर त्याच्या काळातली कपात नवख्याच्या माथी बसते. म्हणून निघणाऱ्याने बाकीच्यांना जो निरोप पाठवायचा, त्यात तारीख आणि आकडे दोन्ही हवेत.

कोथरूडमधल्या एका टू-बीएचके फ्लॅटचे उदाहरण घेऊ. भाडे २८,००० रुपये, डिपॉझिट तीन महिन्यांचे म्हणजे ८४,०००. करार १ जुलै ते ३१ मे. स्वतंत्र बाथरूम असलेल्या मोठ्या खोलीतले दोघे प्रत्येकी ८,००० भाडे देतात, लहान खोलीतले दोघे ६,०००. डिपॉझिटही त्याच प्रमाणात भरलेले आहे: मोठ्या खोलीतल्यांचे प्रत्येकी २४,०००, लहान खोलीतल्यांचे १८,०००. मोठ्या खोलीतला एक जण जानेवारीअखेर निघणार आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याने ग्रुपवर टाकायचा निरोप असा असू शकतो:

“मी ३१ जानेवारीला फ्लॅट सोडतोय. जानेवारीचं भाडं मी देतोच आहे. १ फेब्रुवारीपर्यंत कुणी मिळालं नाही, तर फेब्रुवारीचे ८,००० पण माझ्याकडे, त्यापुढे नाही. नवीन मुलगा मी शोधतो, पण हो-नाही तुम्ही तिघांनी ठरवायचं. माझ्या डिपॉझिटच्या २४,००० मधून पेंटिंगचे १,६०० आणि बाल्कनीच्या काचेचे ६०० वजा करून मला २१,८०० मिळावेत. मोठ्या खोलीत कुणाला यायचं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे नवीन मुलाला कुठली खोली ते सांगता येईल. हिशेब चुकत असेल तर रविवारपर्यंत बोला. मालकांशी कराराचं मी बोलतो.”

यातले फेब्रुवारीच्या भाड्याचे वाक्य महत्त्वाचे आहे. करारातली एक महिन्याची नोटीस साधारणपणे सगळा फ्लॅट सोडण्यासाठी असते, एकाने बाहेर पडण्यासाठी नव्हे. मालकाला दर महिन्याला पूर्ण २८,००० हवे असतात. चौथी जागा रिकामी राहिली, तर ८,००० चा बोजा उरलेल्या तिघांवर, म्हणजे प्रत्येकी सुमारे २,६६७ रुपये पडतो. निघणाऱ्याने एका महिन्याची हमी घेणे म्हणूनच रास्त आहे. मात्र ती हमी अमर्याद नको. नाहीतर राहणारे तिघे आलेल्या प्रत्येक मुलाला नापसंत करत बसले, तरी भाडे गेलेलाच भरत राहील.

आता वजावटीचे आकडे. या करारात घर सोडताना रंगकामाचे ८,८०० रुपये कापले जातील असे लिहिले आहे. ‘रंग शेवटी लागणार, मी तेव्हा नसेन’ असा युक्तिवाद नेहमी होतो, पण तो टिकणारा नाही. भिंती रोजच्या वावराने खराब होतात, तेव्हा खर्च महिन्यांवर वाटणेच योग्य. अकरा महिन्यांचे ८,८०० म्हणजे महिन्याला ८००. सात महिन्यांचे झाले ५,६००. निघणारा २८,००० पैकी ८,००० भाडे देत होता, म्हणून त्याच्या वाट्याला १,६०० येतात. बाल्कनीची काच सगळ्यांच्या वापरातली. ती कुणामुळे तडकली हे ठरत नाही, म्हणून २,४०० रुपयांचे चार सारखे भाग. एखाद्याच्या हातून एखादी वस्तू फुटल्याचे माहीत असेल, तर तो खर्च मात्र त्याचा एकट्याचा.

खोल्यांची अदलाबदल झाली की हिशेबाला आणखी एक घडी पडते. समजा, लहान खोलीतला एक जण मोठ्या खोलीत गेला आणि नवा मुलगा लहान खोलीत आला. नव्याने १८,००० भरायचे आणि खोली बदलणाऱ्याने फरकाचे ६,०००. नव्याचे १८,००० थेट निघणाऱ्याला जातात, खोली बदलणारा त्याला ३,८०० देतो आणि २,२०० आपल्याकडे राखून ठेवतो. मे महिन्यात मालकाने रंगकाम आणि काचेचे पैसे कापले, की ही राखीव रक्कम त्यात जिरते. कमी कापले तर उरलेले पैसे गेलेल्याला परत द्यायचे, हेही ग्रुपवर लिहून ठेवावे. नव्याने रंगकामाचा भार फक्त शेवटच्या चार महिन्यांचा उचलायचा, म्हणजे ७०० रुपयांच्या आत. हे आधी ठरले नाही, तर मे महिन्यात त्याच्याकडून अकरा महिन्यांचे, जवळपास १,९०० कापले जातील आणि तोवर जाब विचारायला जुना मुलगा शहरातही नसेल.

विजेचा हिशेब सोपा आहे. महावितरणचे बिल नंतर येते, म्हणून निघण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा आणि तोपर्यंतच्या युनिटांचे पैसे चौघांत वाटावेत.

यानंतर राहतो कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. करारात नावे जुन्या चौघांचीच राहिली, तर गेलेला मुलगा कागदोपत्री भाडेकरूच राहतो आणि थकलेल्या भाड्यासाठी त्याला विचारणा होऊ शकते. नव्याकडे मात्र तो तिथे राहतो याचा पुरावाच नसतो. डिपॉझिटवर त्याचा हक्क कागदावर कुठेच नसतो.

सरळ उपाय म्हणजे जुना करार रद्द करून नव्या चौघांच्या नावाने दुसरा करणे. खर्च वाटतो तितका नसतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के पडते. या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा नवा करार केला, तर ते ८०० रुपयांच्या आत राहते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, शिवाय एजंटाची फी वेगळी. बदल निघणाऱ्यामुळे होत असला, तरी नव्या कराराने चौघांनाही संरक्षण मिळते, म्हणून हा खर्च चौघांत वाटायला हरकत नसावी. नव्या भाडेकरूची माहिती मालकाने पोलिसांकडेही द्यायची असते.

काही मालक मे महिन्यापर्यंत थांबा म्हणतात. अशा वेळी त्यांच्याकडून निदान लेखी मेसेज घ्यावा: डिपॉझिट ८४,००० रुपये जमा आहे, अमुक तारखेपासून अमुक जण राहात नाही, त्याच्या जागी अमुक जण राहतो आणि करार संपल्यावर डिपॉझिट सध्या राहणाऱ्या चौघांना परत दिले जाईल. हा मेसेज हाती आल्यावरच नव्याने १८,००० पाठवावेत.